देवासाठी पाच फूट

तुळसाकाकींचा फोन आला तेव्हा मी गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर एका लॉजच्या गच्चीचा उतार तपासत होते. तिथला मालक मला पाणी वर कसं चढेल ते समजावत होता. त्यामुळे काकींचा आवाज ऐकून बरंच वाटलं.

"बाय, दार लागत नाय गो," त्या म्हणाल्या. "मोठं दार. वरनं दाबल्यागत झालाय. गंगाराम म्हणतो लाकूड फुगलाय."

"लाकूड? फाल्गुनात?"

"मना काय म्हायती? तो म्हणतो दमट हवा."

फाल्गुनात आमच्याकडे हवा दमट असते, हे खरं. पण सुताराने नीट बसवलेलं सागवान महिन्याभरात फुगून वरून अडकतं, हे फक्त गंगाराम गवंड्याच्या शास्त्रात बसतं. त्या शास्त्रात सिमेंट जास्त झालं की भिंतीला उष्णता होते आणि लिंटेलखाली लिंबू-मिरची टांगली की लोखंड कमी घातलं तरी चालतं. मी स्कूटी वाडीकडे वळवली.

घराचा नकाशा माझा होता. काकींचा मुलगा विनोद मुंबईला एका कुरिअरच्या गोदामात सुपरवायझर आहे. त्याने गावी चिऱ्याचं घर बांधायला काढलं आणि स्लॅब पडेपर्यंत मला दर आठवड्याला बोलावलं. स्लॅब पडल्यावर त्याला इंजिनियरची गरज उरली नाही. पुढचं सगळं "फिनिशिंगचं काम" होतं, आणि ते तो व्हिडिओ कॉलवर करून घेणार होता. मुंबईत बसून मोबाईलच्या पडद्यावर भिंत ओळंब्यात आहे की नाही हे सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती सगळी चाकरमानी असतात आणि सगळ्यांना सगळं कळतं.

घर काकींसाठी होतं, हे मात्र खरं. इतकी वर्षं त्या दिरांच्या घराच्या पडवीत राहिल्या. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, पण ती बसायची दिरांच्या ओटीवर. जाऊबाई ओटी भरायच्या, आणि तुळसाकाकी मागे अंगणात उभ्या राहून लांबून हात जोडायच्या. पाया खणला त्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "बाय, एकदा देव माज्या घरात बसूदेत. मग माजी काय तक्रार नाय." मला देवाधर्माचं फारसं कौतुक नाही. पण ते वाक्य मी विसरले नाही, खोटं कशाला सांगू?

आता शिमगा आठवड्यावर आला होता.

अंगणात शिरले आणि दार बघून स्कूटीवरच बसून राहिले. मी काढलेल्या नकाशात पुढच्या दाराची जागा चार फुटांची होती. समोर दिसत होतं ते दार नव्हतं, जत्रेची कमान होती. दोन झडपांचं, वेलबुट्टीचं, पॉलिश मारलेलं सागवान, आणि वरच्या पट्टीवर लाडू धरलेला कोरीव गणपती. मी टेप लावली. एका बाजूच्या चिऱ्यापासून दुसऱ्या बाजूच्या चिऱ्यापर्यंत पाच फूट.

"गंगाराम," मी हाक मारली.

तो घराच्या मागून आला, तोंडात तंबाखू धरून. "काय मॅडम? दार झकास झालाय ना?"

"लिंटेल बदललीस?"

"नाय. ती कशाला बदलू? चांगली हाय ती."

"लिंटेल साडेपाच फुटांची आहे, गंगाराम. मी समोर उभी राहून ओतून घेतली आहे."

"तर. दार पाच फूट, लिंटेल साडेपाच. लांबच हाय ना?"

एवढं बोलून तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू शाळेतल्या पोरीला त्याने वजाबाकी शिकवली होती.

आता ज्याला हे काम माहीत नाही त्याच्यासाठी सांगते, म्हणजे माझा संताप उगाच वाटणार नाही. दारा-खिडकीच्या पोकळीवरून सिमेंट-काँक्रीटची जी आडवी पट्टी जाते ती लिंटेल. तिच्या डोक्यावर चिऱ्यांचे थर, त्यावर स्लॅबचा भार. हा सगळा भार ती उचलते आणि दोन्ही टोकांनी बाजूच्या भिंतीवर सोडते. म्हणून ती पोकळीएवढीच करून चालत नाही. दोन्हीकडे भिंतीत शिरून बसावी लागते. त्या बसण्याला आम्ही बेअरिंग म्हणतो. सहा इंचांच्या खाली जायचंच नाही, आणि आमचा जांभा चिरा भोकाभोकांचा, मऊ, म्हणून मी नऊ इंच ठेवते. चार फुटांचं दार, इकडे नऊ इंच, तिकडे नऊ इंच. झाली साडेपाच फूट.

ती ओतली त्या दिवशीही गंगारामने आपलं शास्त्र चालवलं होतंच. दहा मिलिमीटरच्या तीन सळ्या खाली आणि आठच्या दोन वर, असं मी सांगितलं होतं. येऊन बघते तर तीन वर, दोन खाली. "भार वरनं येतो ना मॅडम, मग लोखंड वर नको?" मी कुंपणाची एक ओली काठी तोडून त्याच्या गुडघ्यावर वाकवली होती. काठी खालच्या अंगाने तडकली. "कुठे तुटली? तिथे लोखंड." तो सळ्यांचा पिंजरा उलटवून घेतला, सळ्या बांधणाऱ्या रिंगा सहा-सहा इंचांवर मोजल्या, सळई उघडी पडू नये म्हणून खाली इंचाचे ठोकळे ठेवले, सिमेंट, वाळू, खडीचा एकास दीडास तीनचा माल डोळ्यांदेखत कालवून घेतला. लिंटेल उत्तम झाली होती. तिचा काहीच दोष नव्हता.

"दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच चिरा कापलास?" मी विचारलं.

"कटरनं. एकदम सरळ कापलाय. बगा हात लावून."

"म्हणजे लिंटेल दोन्हीकडे तीन-तीन इंचांवर बसली आहे."

"चौकट हाय की खाली! सागवानाची. ती धरते."

"कापताना टेकू लावला होतास?"

"कशाला? चौकट लगेच घुसवली ना ठोकून."

दार का लागत नव्हतं ते मला कळलं. पोकळी चारवरून पाच फुटांवर गेली की त्याच लिंटेलला वाकवणारा जोर दीडपटीच्या वर जातो. ती मधोमध केसभर खाली वाकली होती आणि चौकटीची वरची पट्टी दाबत होती. लाडूवाल्या गणपतीच्या डोक्यावर स्लॅब बसला होता. लाकूड सुकणार, आकसणार, पावसाळ्यात वाळवी लागणार. मग भार जायचा त्या तीन इंचांवर, आणि त्यातलाही कडेचा इंच कटरने मोकळा केलेला. अलोऱ्याच्या बाजूला, तिकडच्या भूकंपाच्या पट्ट्यात, जमीन जरा हलली तरी आमच्याकडे मांडणीतली भांडी वाजतात.

मी विनोदला फोन लावला.

"मॅडम, देवाची पालखी आत यायला पाहिजे," तो म्हणाला. "स्वरूपकडचं दार साडेचार फुटी आहे. आपलं चार? लोक काय म्हणतील?"

स्वरूप हा त्याचा चुलतभाऊ. त्याने गेल्या वर्षी बंगला बांधला. हा सगळा खटाटोप नेमका कोणत्या देवासाठी होता ते मला समजलं.

"पालखी किती रुंद आहे?"

"मोठी असते, मॅडम."

"किती मोठी? मोजली कोणी?"

तो म्हणाला, "देवाला टेप लावतात का?"

"देवाला लावू नकोस. भिंत फोडण्याआधी भिंतीला तरी लावायची होतीस."

मी दोन रस्ते सांगितले. एक, बाजू पुन्हा चिऱ्याने बांधून दार चार फुटांचं करायचं. दोन, पाच फूटच हवं असेल तर भार टेकूंवर घ्यायचा, वरचे चिरे काढायचे, साडेसहा फुटांची आणि नऊ इंच उंचीची नवी लिंटेल ओतायची, आणि चौदा दिवस टेकू काढायचे नाहीत. दोन्हीपैकी काहीही शिमग्याआधी नीट होणार नव्हतं. तोवर लाकडी दार उतरवून पोकळीत टेकू उभे राहणार.

"म्हणजे पालखी येणार तेव्हा माझ्या दारात बांबू?" विनोद ओरडला.

"बांबू नाही. जाड वासे. खाली फळी, वर फळी, पाचरी ठोकून."

"मॅडम, मी गावात तोंड कसं दाखवू?"

तोंडाचं काय करायचं ते त्याने बघावं. मी फोन ठेवला आणि गंगारामकडून त्याच दिवशी टेकू लावून घेतले. तो लावताना सारखं पुटपुटत होता, की चिऱ्यांची आपोआप कमान धरते, त्याच्या बापाने तर लाकडाची फळी घालून दारं केली. बापाच्या दारांवर गवताचं छप्पर होतं, काँक्रीटचा स्लॅब नव्हता, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

काकी सगळं ऐकत पायरीवर बसून होत्या. टेकू उभे राहिल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बाय, म्हणजे औंदाही पालखी भायेरच काय?"

मला विनोदचा राग आला, गंगारामचा आला, आणि आपण बरोबर असूनही या बाईला काही देऊ शकत नाही याचा सगळ्यांत जास्त आला.

शिमग्याला वाडी भरली. मुंबईच्या गाड्यांनी रस्ता अडला, आणि वर्षभर ओस पडलेल्या घरांतून डेकचे आवाज यायला लागले. काकींनी आग्रहाने बोलावलं म्हणून मीही गेले. विनोद पांढऱ्या कुडत्यात, मोबाईल काठीला लावून अंगणात फिरत होता. माझ्याकडे बघून त्याने मान वळवली. दारात माझे टेकू होते आणि त्याने त्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. वाश्यांना माळा! लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यांना बळेच फेटे बांधावेत तसे ते दिसत होते.

उंबऱ्यापुढे काकींनी रांगोळी काढली होती, पालखीसाठी पाट मांडला होता, ओटीचं ताट तयार होतं. हात सारखे पदराला पुसत होत्या.

ढोलाचा आवाज वळणावरून यायला लागला तसा विनोदचा धीर सुटला. "गंगाराम, काढ ते टेकू."

गंगारामने माझ्याकडे बघितलं.

"तिच्याकडे काय बघतोस? घर माझं आहे. पालखी आत गेली की परत लाव. पाच मिनिटांनी काय आकाश कोसळणार आहे?"

"आकाश नाही," मी म्हणाले. "लिंटेल. आणि खाली पालखी नाचवणारी माणसं असणार आहेत."

"तुम्हाला शिमगाच करायचा आहे ना आज?"

"शिमगा मी आणलेला नाही. कॅलेंडरात आहे."

माणसं जमली होती, बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. विनोदने गंगारामच्या पिशवीतला हातोडा स्वतःच घेतला. मी पुढे झाले, पण त्याने माझ्याआधी डाव्या टेकूची पाचर हाणली. एक घाव. पाचर थोडी सरकली.

वर कुठेतरी कट्‌ असा आवाज आला. मोठा नव्हता, सुपारी फुटावी एवढा. मग डाव्या कोपऱ्यातून, लिंटेल जिथे चिऱ्यावर बसते तिथून, लाल खर भुरभुर खाली पडायला लागली. चिऱ्याचा भुगा. तो थेट काकींच्या पांढऱ्या रांगोळीवर पडला, आणि पडतच राहिला.

ढोल जवळ येत होता.

विनोदने हातोडा परत उचलला. त्याला ते दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही बघायचं नव्हतं. तुळसाकाकी पाटाजवळून उठल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"ठोक," त्या म्हणाल्या.

"आई, तेच करतोय..."

"उलटी ठोक. होती तशी बसव पाचर. माज्या देवाच्या डोक्यावर घर पाडतोस मेल्या? आनी ती पोरां खांद्यावर देव घेऊन येतायत, त्यांच्या आयांनी काय करायचा?"

मी त्यांचा असा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. विनोदनेही नसावा. त्याने पाचर पुन्हा आत ठोकली, आणि भुगा थांबला. मी पुढे होऊन पाचर हलवून बघितली, घट्ट होती.

तेवढ्यात पालखी अंगणात आली. चार-पाच फेर नाचली. पुढे बाबूनाना होते, पालखीचे मानकरी, सत्तरीचे, कडक धोतरातले. त्यांनी दाराकडे बघितलं, माळा घातलेल्या वाश्यांकडे बघितलं.

"हे काय रे? देवाला टोलनाका केलास?"

अख्खं अंगण हसलं. विनोदचं तोंड त्या रांगोळीतल्या भुग्यासारखं लाल झालं.

काकी पुढे झाल्या. "नाना, पुढलं दार मोडकां हाय. देव मागल्या दारानं येईल काय? माज्या चुलीकडनं?"

"मागच्या दाराने?" विनोद जवळजवळ रडकुंडीला आला. "आई, ते साडेतीन फुटी आहे! पालखी मावणार कशी?"

बाबूनानांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चाकरमान्या, पालखी दोन फूट रुंद नाय. दांडा लांब असतो, लांब! आडवी कोण नेतो? ह्या वाडीत सगळ्यात जुना दार अडीच फुटी हाय, त्यातनं तुज्या खापर-पणज्याच्या वक्तापास्नं देव आत जातो." मग काकींकडे वळून म्हणाले, "देवाला पुढला न् मागला काय गो? जिथनं बोलावशील तिथनं यील."

म्हणजे दोन फूटदेखील नाही. माझ्या चार फुटांच्या दारातून दोन पालख्या शेजारी-शेजारी गेल्या असत्या.

पालखी घराला वळसा घालून मागे गेली. मी पुढे धावले आणि काय करत होते ते न कळता स्वयंपाकघराच्या दारावर हात ठेवून बघितला. साडेतीन फुटांची पोकळी, पाच फुटांची लिंटेल, दोन्हीकडे नऊ-नऊ इंच. त्या दारात मुंबईहून कोणाला रस नव्हता, म्हणून ते नकाशात होतं तसंच राहिलं होतं. एक रेघ नव्हती, कुठे भुगा नव्हता. भोई एकामागे एक झाले, जरा वाकले, आणि पालखी गॅसच्या शेगडीवरून, तांदळाच्या डब्याजवळून, कशालाही न लागता आत गेली.

काकींनी ओटी भरली. देव त्यांच्या घरात बसला. त्या रडत होत्या आणि हसत होत्या आणि मध्येच उठून शेगडीवरचं दूध बघून येत होत्या.

विनोद पुढच्या दारातच उभा होता, मोबाईलची काठी धरून. त्याच्या व्हिडिओत दोन वासे आले, झेंडू आला, आणि आतून ऐकू येणारा ढोल आला.

शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात. आमचं चिऱ्याचं उरलं. पालखी देवळात परतल्यावर मी उभी राहून लिंटेल उतरवली. डाव्या टोकाखालचा चिरा गंगारामने हातात घेतला तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा त्याचा कोपरा त्याच्या मुठीत आला. टेकू नसता तर ती त्याच दिवशी पडली असती का, मला सांगता येणार नाही. काही लिंटेल अशाच तीन इंचांवर वर्षानुवर्षं बसून राहतात, म्हणून तर गंगारामांची शास्त्रं जगतात.

"दगडच खराब निघाला, मॅडम," तो म्हणाला. कटरचं नाव नाही, स्वतःचं तर नाहीच. एवढं सगळं होऊन शेवटी गुन्हेगार कोण, तर चिरा.

विनोदला पाच फूटच हवे होते. कोरीव गणपतीचं दार आता तयारच होतं, आणि स्वरूपचं साडेचार फुटी होतं. मग साडेसहा फुटांची नवी लिंटेल ओतली, नऊ इंच उंच, खाली बाराच्या तीन सळ्या, दोन्हीकडे नऊ-नऊ इंच बेअरिंग. चौदा दिवस रोज पाणी मारलं, ते काकींनीच. टेकू काढले, दार बसवलं, झडपा एका बोटाने लागायला लागल्या. विनोद खास मुंबईहून आला, दार दहा वेळा उघडून मिटून बघितलं, आणि आईला म्हणाला, "बघ आई, आता झालं पक्कं. पुढच्या शिमग्याला पालखी इथून."

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नको. हितनं तुज्या पावण्यांना आण," त्या म्हणाल्या. "देवाला माजा दार म्हायती हाय."